कोटेशनसोबतचा ईमेल: भाव कधीपर्यंत, माल कुठपर्यंत, पैसे केव्हा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत एखाद्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात सेल्सला नवीन मुलगा किंवा मुलगी लागली की आठवड्याभरात कोटेशनची पीडीएफ बनवायला शिकते. जुनी फाईल उघडायची, ग्राहकाचं नाव बदलायचं, मापं आणि भाव टाकायचे. ज्या ईमेलला ती पीडीएफ जोडायची, त्यात मात्र बहुतेक जण एकच ओळ लिहितात: "सोबत कोटेशन जोडले आहे, कृपया पाहावे." ग्राहक पहिल्यांदा वाचतो तो ईमेलच, आणि तोही मोबाईलवर, उभ्या उभ्या. पीडीएफमधल्या चौथ्या पानावरच्या अटी तो वाचतो माल अडकल्यावर किंवा पैसे अडकल्यावर.

म्हणून या ईमेलमध्ये तीन गोष्टी साध्या भाषेत यायलाच हव्यात. हा भाव कधीपर्यंत आहे, माल केव्हा आणि कुठपर्यंत देणार, आणि पैसे किती व कधी द्यायचे. त्या कशा लिहायच्या ते एकाच उदाहरणावर दाखवतो. रत्नागिरीजवळच्या आंबा पल्प बनवणाऱ्या एका युनिटला 500 लिटरच्या दोन स्टीम जॅकेटेड केटल हव्या आहेत, स्टेनलेस स्टील 304 मध्ये. माल ऑर्डरनुसार बनवायचा आहे, ग्राहक दुसऱ्या राज्यातला आहे आणि आंब्याचा सीझन कोणासाठी थांबत नाही. त्यामुळे तिन्ही अटींची कसोटी इथे लागते. भाव एका केटलला 1,85,000 रुपये धरू, म्हणजे दोन्हींचे 3,70,000, त्यावर जीएसटी वेगळा.

लिहायला बसण्याआधी चार जणांना विचारा

जुन्या कोटेशनमधल्या अटी जशाच्या तशा उचलू नका. त्या दुसऱ्या मालासाठी, दुसऱ्या महिन्यात लिहिलेल्या असतात. पत्र्याच्या व्यापाऱ्याला विचारा की आजचा भाव तो किती दिवस धरून ठेवील. शॉपमधल्या फोरमनला विचारा की हातातली कामं धरून या दोन केटल खरंच किती आठवड्यांत निघतील. अकाउंट्सला विचारा की या ग्राहकाकडून अॅडव्हान्स किती घ्यायचा. आणि ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा की रत्नागिरीला अख्खी छोटी गाडी जाईल की इतरांच्या मालासोबत पार्ट लोडमध्ये माल जाईल. ही चार उत्तरं वहीत असली की ईमेल अर्ध्या तासाचं काम आहे. नसली तर तुम्ही अंदाज लिहाल आणि ग्राहक त्याला वचन समजेल. दोष त्याचा नाही.

भाव कधीपर्यंत

304 ग्रेडमध्ये निकेल असतं, साधारण आठ ते साडेदहा टक्के, आणि निकेलचा भाव हलला की पत्र्याचा भाव हलतो. केटलच्या किमतीत पत्र्याचा वाटा मोठा असतो, त्यामुळे मुदत किती द्यायची हे तुमचा व्यापारी किती दिवस भाव धरतो यावरून ठरतं. तो म्हणाला आठ दिवस, आणि तुम्ही ग्राहकाला तीस दिवस दिलेत, तर मधल्या बावीस दिवसांची जोखीम तुम्ही घेतलीत. घ्यायला हरकत नाही, पण मालकाला माहीत असू द्या. आपल्या उदाहरणात पंधरा दिवस धरू.

आता हे पंधरा दिवस लिहायचे कसे? "मुदत: 15 दिवस" हे अपुरं आहे. कधीपासून पंधरा दिवस? कोटेशनच्या तारखेपासून, ईमेल मिळाल्यापासून, की त्यांच्या साहेबांनी उघडल्यापासून? थेट तारीख लिहा, वारासकट. ईमेल सोमवार, 12 जानेवारी 2026 ला जातोय, तर मुदत "मंगळवार, 27 जानेवारी 2026, संध्याकाळी 6 पर्यंत". 12 तारीख धरून पंधरावा दिवस सोमवार, 26 जानेवारीचा, आणि त्या दिवशी सुट्टी आहे, म्हणून एक दिवस पुढे. शेवटचा दिवस सुट्टीचा आला की दुसऱ्या दिवशी फोन येतोच, "काल बँक बंद होती."

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्या तारखेपर्यंत नेमकं काय यायला हवं ते लिहा. फक्त ऑर्डर म्हटलंत, तर 27 जानेवारीला पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, येईल आणि अॅडव्हान्स येईल 20 फेब्रुवारीला. पत्रा तुम्ही अॅडव्हान्स आल्यावरच घेणार, म्हणजे फेब्रुवारीच्या भावाने घेणार आणि केटल जानेवारीच्या भावाने विकणार. म्हणून "लेखी ऑर्डर आणि अॅडव्हान्स, दोन्ही" असं म्हणा.

मुदत संपल्यावर काय होईल तेही एका वाक्यात सांगा: "त्यानंतर आम्ही त्या दिवशीचा भाव नव्याने कळवू." "भाव बदलू शकतो" एवढ्यावर सोडलं की ग्राहक त्यातला "शकतो" धरून बसतो. कायद्यातही तारखेला वजन आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार प्रस्तावात मुदत लिहिली असेल तर ती संपल्यावर प्रस्ताव संपतो. लिहिली नसेल तर तो "वाजवी काळ" चालू राहतो, आणि वाजवी म्हणजे किती यावर दोघांची मतं दोन.

माल केव्हा, आणि कुठपर्यंत

"डिलिव्हरी: 6 आठवडे" या दोन शब्दांत दोन प्रश्न लपलेले आहेत. सहा आठवडे कधीपासून मोजायचे, आणि सहा आठवड्यांनी माल कुठे असेल?

आधी पहिला. ग्राहक मोजतो पीओच्या तारखेपासून. तुम्ही मोजता काम सुरू करता येईल त्या दिवसापासून. काम सुरू करायला दोन गोष्टी लागतात: अॅडव्हान्स आणि सही केलेलं ड्रॉइंग. ड्रॉइंगमध्ये पायांची उंची, स्टीमच्या नोझलची जागा, टिल्टिंगचं हँडल कोणत्या बाजूला ही माहिती असते, आणि ती त्यांच्या शेडमधल्या पाइपलाइनवर अवलंबून असते. ते ड्रॉइंग त्यांच्याकडे दहा दिवस पडून राहिलं तर ते दहा दिवस तुमच्या खात्यात पडता कामा नयेत. म्हणून लिहायचं: "अॅडव्हान्स आणि मंजूर ड्रॉइंग यांपैकी जे नंतर मिळेल त्या दिवसापासून सहा आठवडे." आणि आपली बाजूही बांधून घ्या: "अॅडव्हान्स मिळाल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत आम्ही ड्रॉइंग पाठवू." हे दुसरं वाक्य नसलं तर पहिलं वाक्य ग्राहकाला पळवाट वाटते.

सहा हा आकडा कसा आला? फोरमन म्हणाला होता पाच. पण कॅलेंडर समोर ठेवून बघा. जानेवारीच्या शेवटी काम सुरू झालं तर पाच आठवडे मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपतात, आणि त्याच आठवड्यात होळी-धुळेटी. आपल्याकडचे वेल्डर आणि पॉलिशवाले बरेचसे यूपी-बिहारचे. होळीला गेलेला माणूस धुळेटीच्या दुसऱ्या दिवशी परत येत नाही. उत्तरायणाच्या दोन दिवसांत तर अख्खं बडोदं गच्चीवर असतं, पण ते 14-15 जानेवारीला, म्हणजे या कामाच्या आधीच उरकतं. दिवाळीला मात्र लाभपाचमीपर्यंत निम्मे शटर खाली असतात, हे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कोटेशनला लक्षात ठेवा. तर फोरमनचे पाच अधिक होळीचा एक, असे सहा.

एक तारीखही हिशेब करून द्या. "शुक्रवार, 30 जानेवारीपर्यंत अॅडव्हान्स आणि ड्रॉइंग दोन्ही मिळाले, तर माल शुक्रवार, 13 मार्चला तयार असेल." सीझनकडे डोळे लावून बसलेल्या ग्राहकाला यातून हवं ते उत्तर मिळतं: केटल एप्रिलच्या आत हातात पडतील का? आणि 30 जानेवारी पुढे गेली तर 13 मार्चही पुढे जाईल हे न भांडता कळतं.

आता दुसरा प्रश्न, कुठपर्यंत. धंद्यात याला एक्स-वर्क्स, एफओआर अशी नावं आहेत. पीडीएफमध्ये ती राहू द्या. ईमेलमध्ये मात्र सरळ लिहा की भाव आमच्या मकरपुऱ्याच्या कारखान्यातला आहे, गाडीत माल चढवून देणं आमच्याकडे, गाडीभाडं, वाटेतला विमा आणि तिकडे उतरवून घेणं आपल्याकडे. यातलं उतरवणं सगळेच विसरतात. साडेतीनशे किलोची केटल चार माणसांनी हातावर उतरवायची गोष्ट नाही. गाडी दारात उभी, हायड्रा क्रेन बोलावलेली नाही, ड्रायव्हर थांबण्याचे पैसे मागतोय, आणि फोन तुम्हाला. ईमेलमध्ये वजन आणि माप दिलंत की तिकडचा माणूस आधीच सोय करतो.

पार्ट लोड की अख्खी गाडी, हेही ग्राहकाला विचारून घ्या. पार्ट लोड स्वस्त पडतो, पण माल वाटेत एखाद्या गोडाऊनला उतरतो, दुसऱ्या गाडीत चढतो, आणि शेवटी गोडाऊन डिलिव्हरी असेल तर ग्राहकाने तिथून उचलायचा. पॉलिश केलेल्या केटलला पोचे येतात ते याच चढ-उतारात. भाडं टू-पे, म्हणजे माल घेताना द्यायचं असो, की आधीच पेड, ते कोणाच्या खिशातून हे ईमेलमध्ये असलंच पाहिजे. ई-वे बिल पन्नास हजारांवरच्या मालाला लागतं. ते आपण बनवून देतो असं म्हटलंत की एक फोन वाचतो.

पैसे किती आणि केव्हा

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण "40 टक्के अॅडव्हान्स, 50 टक्के डिस्पॅचपूर्वी, 10 टक्के नंतर" हे वाक्य ऐकायला पूर्ण वाटतं. त्यात तीन भोकं आहेत.

पहिलं: 40 टक्के कशाचे? मूळ किमतीचे की जीएसटी धरून? दोन केटलची मूळ किंमत 3,70,000. बडोद्याहून महाराष्ट्रात माल जातोय म्हणून आयजीएसटी लागेल. इथे 18 टक्के धरलाय, तुमच्या मालाचा दर तुमच्या सीएकडून तपासून घ्या. कर झाला 66,600, एकूण 4,36,600. मूळ किमतीचे 40 टक्के म्हणजे 1,48,000. करासकट धरले तर 1,74,640. फरक 26,640 रुपयांचा. ग्राहक अर्थातच लहान आकडा पाठवणार, आणि तुमच्या अकाउंट्सने मोठा धरलेला असणार. मालाच्या अॅडव्हान्सवर नेहमीच्या जीएसटीवाल्या विक्रेत्याला त्या वेळी कर भरावा लागत नाही, तो बिलाबरोबर येतो. ही सवलत नोव्हेंबर 2017 पासून आहे. म्हणून साधा मार्ग हाच की टक्के मूळ किमतीवर काढायचे आणि अख्खा जीएसटी डिस्पॅचपूर्वीच्या हप्त्यात घ्यायचा. सेवेच्या कामाला हे लागू नाही, तिथे अॅडव्हान्सवरही कर लागतो.

टक्क्यांसमोर रुपये लिहा. अॅडव्हान्स 1,48,000. डिस्पॅचपूर्वी मूळ किमतीचे 50 टक्के म्हणजे 1,85,000 आणि पूर्ण जीएसटी 66,600, मिळून 2,51,600. शेवटी 37,000. तिन्हींची बेरीज 4,36,600 येते का ते कॅल्क्युलेटरवर करून बघा. ईमेलमधली बेरीज चुकली की ग्राहक पीडीएफमधल्या प्रत्येक आकड्याकडे संशयाने बघतो.

दुसरं भोक: "डिस्पॅचपूर्वी" म्हणजे नेमकं केव्हा? माल तयार झाल्याचं कळवल्यापासून किती दिवसांत? केटल तयार आहेत, हायड्रो टेस्ट झालीय, आणि ग्राहक म्हणतोय शेडचं काम बाकी आहे, महिनाभर ठेवा. दोन केटल मकरपुऱ्याच्या शेडमध्ये जागा अडवून बसतात आणि अडीच लाख अडकतात. म्हणून "माल तयार असल्याचं कळवल्यापासून 7 दिवसांत" असं लिहा. माल बघायला त्यांना यायचं असेल तर तेही त्याच सात दिवसांत.

तिसरं भोक सगळ्यात महाग. शेवटचे 10 टक्के "कमिशनिंगनंतर". केटल चालायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, आणि बॉयलर दुसऱ्या कोणाकडून येणार असतो. एका कामात असंच झालं: केटल पोचल्या, बॉयलरची परवानगी रखडली, कमिशनिंग झालंच नाही, आणि अटीप्रमाणे दहा टक्के कधी देय झालेच नाहीत. ग्राहक खोटं बोलत नव्हता, अटच तशी होती. जी घटना तुमच्या हातात नाही तिला पैसे बांधू नका. बांधावे लागलेच तर तिला शेवटची तारीख द्या: "केटल चालू झाल्यावर, किंवा माल पोचल्यापासून 30 दिवसांनी, यांपैकी जे आधी होईल तेव्हा." डिलिव्हरीत "जे नंतर", पैशात "जे आधी". हे दोन उलटे लिहिले गेले की अट विरुद्ध अर्थाची होते. पाठवण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचून बघा.

उद्यम नोंदणी असेल तर तिचा नंबर सहीखाली टाका. तुमचा कारखाना सूक्ष्म किंवा लघु गटात असेल तर 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार, लेखी ठरलं तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपेक्षा जास्त उधारी ठरवता येत नाही, आणि काहीच ठरलं नसेल तर मुदत 15 दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. एप्रिल 2024 पासून अशी वेळेत न दिलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, म्हणून त्यांचे अकाउंट्सवाले उद्यम नंबर स्वतःहून विचारतात. ईमेलमध्ये मात्र या कायद्याची कलमं लिहू नका. पहिल्याच पत्रात व्याजाची भाषा केली की समोरचा माणूस तुमच्याशी धंदा करण्याआधीच वकिलाशी बोलतो. नंबर पुरे आहे.

ईमेल

विषयाच्या ओळीत कोटेशन नंबर, माल आणि मुदत तिन्ही येऊ द्या. सहा महिन्यांनी शोधताना तीच ओळ उपयोगी पडते. भाषा ग्राहकाची. रत्नागिरीला मराठी, पीथमपूरला हिंदी, वाघोडियाला गुजराती चालते. मोठ्या कंपनीच्या परचेसला इंग्रजीच पाठवावं लागतं, पण रचना हीच.

> विषय: कोटेशन 118, स्टीम जॅकेटेड केटल 500 लिटर, 2 नग (भाव 27 जानेवारी 2026 पर्यंत)
>
> नमस्कार,
>
> आपल्या 8 जानेवारीच्या चौकशीनुसार दोन केटलचे कोटेशन सोबत जोडले आहे. मापे आणि तपशील त्यात आहेत. मुख्य गोष्टी इथे देतो.
>
> किंमत: एका केटलचे 1,85,000 रुपये, दोन्हींचे 3,70,000. पॅकिंग यात आले. जीएसटी 18 टक्के म्हणजे 66,600 वेगळा. एकूण 4,36,600 रुपये. बिलाच्या दिवशी जीएसटीचा जो दर असेल तो लागू होईल.
>
> भावाची मुदत: हा भाव मंगळवार, 27 जानेवारी 2026, संध्याकाळी 6 पर्यंत आहे. तोपर्यंत आपली लेखी ऑर्डर आणि अॅडव्हान्स दोन्ही मिळावेत. त्यानंतर आम्ही त्या दिवशीचा भाव नव्याने कळवू.
>
> माल केव्हा: अॅडव्हान्स मिळाल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत आम्ही ड्रॉइंग पाठवू. अॅडव्हान्स आणि आपण सही केलेले ड्रॉइंग यांपैकी जे नंतर मिळेल त्या दिवसापासून सहा आठवड्यांत माल आमच्या कारखान्यात तयार असेल. 30 जानेवारीपर्यंत दोन्ही मिळाले तर 13 मार्चला.
>
> माल कुठपर्यंत: भाव आमच्या मकरपुरा, बडोदा येथील कारखान्यातला आहे. गाडीत चढवणे आणि ई-वे बिल आमच्याकडे. गाडीभाडे, वाटेतला विमा आणि आपल्याकडे उतरवणे आपल्याकडे. एका केटलचे वजन अंदाजे 350 किलो आहे, उतरवायला हायड्रा किंवा फोर्कलिफ्ट लागेल. आपण सांगितल्यास गाडी आम्ही ठरवून देऊ, भाडे आपण गाडीवाल्याला थेट द्यावे.
>
> पैसे:
> ऑर्डरसोबत 1,48,000 रुपये (मूळ किमतीचे 40 टक्के).
> माल तयार असल्याचे कळवल्यापासून 7 दिवसांत, डिस्पॅचपूर्वी 2,51,600 रुपये (मूळ किमतीचे 50 टक्के आणि पूर्ण जीएसटी).
> केटल चालू झाल्यावर, किंवा माल पोचल्यापासून 30 दिवसांनी, यांपैकी जे आधी होईल तेव्हा 37,000 रुपये (मूळ किमतीचे 10 टक्के).
>
> आपल्याला माल 13 मार्चच्या आधी हवा असेल तर ऑर्डरपूर्वी कळवावे, म्हणजे काय शक्य आहे ते सांगता येईल.
>
> आपला,
> (नाव, हुद्दा, मोबाईल, जीएसटी नंबर, उद्यम नंबर)

"आपल्याला माल आधी हवा असेल तर" हे वाक्य मुद्दाम ठेवलंय. सीझनवाल्या ग्राहकाची खरी गरज बहुतेकदा चौकशीत नसते, अशा एका ओळीने ती बाहेर येते.

बँक खात्याचा नंबर ईमेलमध्ये टाकू नका, तो पीडीएफच्या लेटरहेडवर आणि पुढे प्रोफॉर्मा बिलावर राहू दे. "आमचं बँक खातं बदललं आहे" असे बनावट ईमेल पाठवून अॅडव्हान्स पळवण्याचे प्रकार होतात, तेव्हा पहिल्या व्यवहाराला ग्राहकाने फोन करून खातं पक्कं करावं हे तुम्ही तोंडी सांगा.

पाठवताना

पाठवण्यापूर्वी ईमेल आणि पीडीएफ शेजारी ठेवून सगळे आकडे आणि तारखा जुळवा. ईमेलमध्ये 27 जानेवारी आणि पीडीएफमध्ये जुन्या फाईलमधून आलेले "30 दिवस" असं झालं, तर ग्राहक आपल्या सोयीचं तेच धरणार. फाईलच्या नावात कोटेशन नंबर आणि कितवी आवृत्ती ते येऊ द्या, जसं `QTN-118-R0.pdf`. भाव बदलला की `R1`, आणि नव्या ईमेलच्या पहिल्या ओळीत "आधीचं कोटेशन रद्द समजावे."

नंतर काय होतं

साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी फोन येतो. गुजराती ग्राहक असेल तर "छेल्लो भाव शुं?", म्हणजे शेवटचा भाव काय; कोकणातला असेल तर आधी हवापाण्याच्या गप्पा आणि मग तोच प्रश्न. फोनवर भावात काही सोडलंत तर त्याच दिवशी `R1` पाठवा, आणि सोडलेल्या पैशांच्या बदल्यात अॅडव्हान्स वाढवून मागायचा असेल तर त्याच ईमेलमध्ये मागा.

मुदत संपायच्या दोन-तीन दिवस आधी आठवण करून देणारा छोटा ईमेल करा. मुदत वाढवून मागितली तर तोंडी "चालेल" म्हणू नका. पत्र्याचा भाव पुन्हा विचारा, आणि वाढवलीत तर लिहून द्या की भावाची तारीख वाढली म्हणजे मालाचीही सरकली. अॅडव्हान्स 10 फेब्रुवारीला आणि ड्रॉइंग 16 फेब्रुवारीला आलं तर सहा आठवडे 30 मार्चला पुरे होतात. त्यात गाडीचे दिवस, उतरवणं, पाइपिंग मिळवा. एप्रिलच्या फळाला ते परवडेल का हे ग्राहकाला आत्ताच दिसू द्या.

आणि मग पीओ येतो. तो उघडून आधी मागची पानं वाचा. मोठ्या ग्राहकांच्या छापील पीओत त्यांच्या अटी असतात: माल पोच रत्नागिरी, चार आठवडे, पैसे 60 दिवसांनी, उशीर झाल्यास आठवड्याला अर्धा टक्का कपात. करार कायद्यानुसार स्वीकृती बिनशर्त असावी लागते. अटी बदलून आलेला पीओ म्हणजे तुमच्या कोटेशनला होकार नाही, त्यांच्याकडून आलेला नवा प्रस्ताव आहे. तुम्ही काही न बोलता पत्रा कापायला घेतलात तर त्यांच्या अटी मान्य केल्या असं दिसेल. म्हणून पत्रा मागवण्यापूर्वी उत्तर द्या, शक्यतो त्याच दिवशी:

> आपला पीओ मिळाला, आभारी आहोत. तीन ठिकाणी तो आमच्या कोटेशन 118 पेक्षा वेगळा आहे.
> माल पोच रत्नागिरी हवा असल्यास गाडीभाडे आणि विमा धरून नवा भाव आज कळवतो.
> चार आठवड्यांत माल शक्य नाही, सहा आठवडे लागतील.
> पैशांची अट कोटेशनप्रमाणे ठेवावी ही विनंती.
> सुधारित पीओ मिळाल्यावर काम सुरू करू.

कपातीच्या अटीचा उल्लेख इथे मुद्दाम वगळला आहे. चार आठवड्यांच्या जागी सहा झाले तर ती अट बहुतेक कामांत लागत नाही. ठेवायचीच असेल तर एकूण कपात किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये, आणि दिवस मोजायचे ते अॅडव्हान्स आणि मंजूर ड्रॉइंग यांपैकी जे नंतर मिळेल तेव्हापासून, इतकं त्यांच्याकडून लेखी घ्या. सुधारित पीओ येईपर्यंत अॅडव्हान्स जमा झाला तरी फोरमनला जॉब कार्ड देऊ नका.